सोमवारपासून सक्त अंमल

ऑफिसात हजेरी कडक करायची आहे? करा. पण लोकांना ती शिक्षा वाटू नये, 'अपेक्षा स्पष्ट केल्या' असं वाटावं, अशीही तुमची इच्छा आहे. मग पुढच्या गोष्टी डोळे मिटून करा.

नोटीस शुक्रवारी संध्याकाळी सव्वासहाला पाठवा, लोक बॅगा आवरत असताना. अंमल अर्थातच सोमवारपासून. मधले दोन दिवस 'हे नेमकं कोणामुळे झालं' यावर विचार करायला पुरतात. सोमवारी टपरीवर पहिला चहा येईपर्यंत एका बिचाऱ्याचं नाव ठरलेलं असतं.

सुरुवात 'असे निदर्शनास आले आहे की काही कर्मचारी...' हीच ठेवा. हे काही कर्मचारी तिघेच आहेत आणि कोण आहेत, हे प्यूनलाही माहीत आहे. पण त्यांना केबिनमध्ये बोलावलं तर तोंडावर बोलावं लागेल. त्यापेक्षा ऐंशी जणांना पत्र बरं.

कारण सांगू नका. पावणेदहाला क्लायंटचा कॉल असतो, म्हणून टीम साडेनऊला जागेवर हवी, असं एका ओळीत सांगता आलं असतं. पण मग लोकांना ते पटलं असतं. 'शिस्त' लिहा, विषय संपला.

आता मुख्य पदार्थ: तीन लेट मार्क, अर्ध्या दिवसाचा पगार कट. हे वाक्य ठळक अक्षरांत हवं. बोट लावायचं मशीन दाराशी एकच आहे, याचा उल्लेख नको. ऐंशी माणसं, प्रत्येकी सहा सेकंद धरले तरी आठ मिनिटं होतात. म्हणजे नऊ पंचविसाला रांगेत उभा राहिलेला माणूस नऊ तेहेतिसाला आत जातो आणि लेट ठरतो. पावसाळ्यात ओलं बोट मशीन घेत नाही, मग रुमाल, मग पँट, मग पुन्हा बोट. त्यातून मशीनचं घड्याळ मोबाइलपेक्षा चार मिनिटं पुढे. ते कोणी जुळवून पाहत नाही, कारण त्याचा पासवर्ड फक्त व्हेंडरकडे. सकाळी थेट साइटवर गेलेल्याची हजेरी कोणी लावायची, किती दिवसांत लावायची, हेही कुठे लिहिलेलं नाही. तो महिनाअखेर तीन मेल करतो, आणि एचआर म्हणतं, 'सिस्टीममध्ये दिसत नाही.' बरं, हिशेब तरी पाहा. पाच-पाच मिनिटांचे तीन उशीर म्हणजे पंधरा मिनिटं, आणि कापता चार तासांचा पगार? गैरहजेरीपोटी पगार कापायचा तो गैरहजर वेळेच्या प्रमाणातच, हे १९३६ च्या वेतन प्रदान कायद्यात होतं आणि आताच्या वेतन संहितेतही आहे. त्याला दंड म्हणायचं, तर आधी त्या माणसाचं ऐकून घ्यावं लागतं आणि महिन्याचा दंड पगाराच्या ३ टक्क्यांवर नेता येत नाही. पण एवढं वाचणार कोण? मागच्या कंपनीतली एक्सेल आहे ना!

पोशाखासाठी 'सभ्य व औपचारिक' एवढे दोन शब्द भरपूर. काळी जीन्स त्यात बसते का, ते गेटवरचा वॉचमन ठरवेल. राज्य सरकारने डिसेंबर २०२० मध्ये आपल्या कर्मचाऱ्यांसाठी काढलेल्या सूचनांत जीन्स, टी-शर्ट, स्लिपर नको आणि शुक्रवारी खादी, असं नावानिशी लिहिलं होतं. पटो न पटो, वाचणाऱ्याला कपाटातून काय काढायचं ते कळत होतं. तुम्ही इतके खाली उतरू नका. ओढणीबद्दल मात्र चार ओळी लिहा, पुरुषांबद्दल अर्धी.

बूट सक्तीचे करा, जूनमध्ये.

शेवटी 'उल्लंघन केल्यास कठोर कारवाई करण्यात येईल' लिहा आणि खाली 'आपल्या सहकार्याबद्दल धन्यवाद'.

अहो, एवढं काय अवघड आहे? एक पान लागतं. वेळ कोणती आणि का. सूट दहा मिनिटं, ती लिहून. साइटवरच्या माणसाची हजेरी टीम लीडने दोन दिवसांत लावायची. काय घालायचं नाही त्या चार-पाच कपड्यांची नावं, पावसाळ्यात सँडल चालेल हे धरून. अंमल दोन आठवड्यांनी, आणि पहिला महिना फक्त मोजायचं, कापायचं नाही. त्या महिन्यात रोज निम्मं ऑफिस लेट दिसलं, तर दोष मशीनचा आहे, माणसांचा नाही, हेही तुम्हाला फुकटात कळेल. टीम लीडना एक दिवस आधी सांगायचं, म्हणजे लोकांनी विचारल्यावर 'मलाही आत्ताच कळलं' म्हणायची वेळ त्यांच्यावर येत नाही. आणि ते तिघे? त्यांना बोलवा, दार लावा, बोला. दहा मिनिटांचं काम आहे, ते टाळण्यासाठी सगळ्या ऑफिसला वेठीला धरता?

ज्या साहेबांची या नोटिशीवर सही आहे, ते पावणेअकराला येतात. मशीनमध्ये त्यांचं बोट नोंदवलेलंच नाही. आधी ते नोंदवा.