घरात ‘तुम्ही लोक’ आलं की

नवरा-बायकोची राजकीय मतं वेगळी असली की संसार टिकत नाही, असं हल्ली बरेच जण मला ऐकवतात. दादरला जोडप्यांचं समुपदेशन करते, मला तरी तसं दिसलेलं नाही. एकत्र जाऊन विरुद्ध पक्षांना मत देणारी, म्हणजे एकमेकांचं मत बाद करून येणारी आणि परतताना वडापाव खाणारी जोडपी माझ्या ओळखीत आहेत. संसार पोखरला जातो तो वेगळ्याच गोष्टीने. समोरचा बोलायला लागला की तो आपला माणूस उरत नाही, ‘त्या लोकां’चा एक नमुना होतो. मग त्याचं म्हणणं ऐकायची गरजच काय? नमुना काय बोलणार हे आपल्याला आधीच माहीत असतं.

जॉन गॉटमन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने सिअ‍ॅटलमध्ये वर्षानुवर्षं जोडप्यांची भांडणं चित्रित करून तपासली. नातं तुटण्याचं सर्वांत मोठं लक्षण म्हणून त्याने बोट ठेवलं ते तुच्छतेवर. आवाज चढण्यावर नाही, मतभेदावरही नाही. डोळे फिरवणं, ओठाचा एक कोपरा वर नेऊन हसणं, नक्कल करून दाखवणं, हे सगळं त्यात आलं. कोणाचा घटस्फोट होईल याच्या त्याच्या भाकितांवर इतर संशोधकांनी आक्षेप घेतले आहेत आणि ते मला पटतात. पण तुच्छतेबद्दल तो म्हणतो ते मी माझ्या खोलीत दर आठवड्याला बघते. रागावलेली जोडपी पुढच्या वेळी परत येतात. ज्यांच्यात एक जण छताकडे बघून हसतो, त्यांच्याबाबत मला खात्री नसते.

गोरेगाव पूर्वेच्या एका जोडप्याचं सांगते, त्यांच्या परवानगीने आणि ओळखीच्या खुणा बदलून. दोघंही नोकरी करणारे. विषय आरेच्या मेट्रो कारशेडचा, म्हणजे गोरेगावच्या झाडीत मेट्रोच्या गाड्या उभ्या करायच्या जागेचा.

2019 च्या ऑक्टोबरमध्ये उच्च न्यायालयाने झाडं वाचवण्याच्या याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री झाडांवर करवती चालल्या. नवरा रात्री आरेत जाऊन उभा राहिलेल्यांपैकी. तीन दिवसांनी सर्वोच्च न्यायालयाने तोड थांबवली, पण तोवर दोन हजारांवर झाडं गेली होती. बायको मेट्रोच्या बाजूची. रोज लोकलच्या गर्दीत लोंबकळत ऑफिस गाठणारी. मुंबईच्या उपनगरी रेल्वेमार्गांवर वर्षाला दोन हजारांवर माणसं मरतात, हा आकडा तिला तोंडपाठ. म्हणजे दोघांच्या हातात जवळपास सारखाच आकडा, एकाकडे झाडांचा आणि एकीकडे माणसांचा. ‘झाडं मोठी की माणसं?’ हा प्रश्न त्यांच्याकडे इतक्यांदा विचारला गेला होता, की त्याचं उत्तर कोणालाच नको होतं.

माझ्यासमोर ते बोलायला लागले तेव्हा पहिली चार वाक्यं बरी गेली. मग तो म्हणाला, “तुला एसीत बसून जायचंय, बाकी तुला काय पडलंय?” ती म्हणाली, “तुम्ही सेल्फीवाले. झाडाला मिठी मारायची, फोटो टाकायचा आणि उबर करून घरी यायचं.”

बघा, इथे मुद्दा संपला. त्याने तिचा हेतू ठरवून टाकला: तू हे स्वार्थापोटी बोलतेस. तिने ‘तू’चं ‘तुम्ही’ केलं, आदरार्थी नव्हे, अनेकवचनी. बायको समोर बसलेली असताना तो तिच्यातल्या कुठल्या तरी गटाशी भांडत होता आणि तीही तेच करत होती. फेसबुकवरचे ‘अंधभक्त’ आणि ‘फुरोगामी’ असेच जेवणाच्या टेबलापर्यंत येतात. शब्द तिथले, तोंड आपलं.

मी त्यांना एक जुनी युक्ती करायला लावली. अनातोल रॅपोपोर्ट नावाच्या अभ्यासकाने ती वादांसाठी 1960 च्या सुमारास मांडली. आधी समोरच्याचं म्हणणं त्याला ‘हो, हेच’ म्हणता येईल असं आपण सांगायचं. मग ते कुठल्या परिस्थितीत खरं ठरतं, तेही आपणच सांगायचं. आपली बाजू त्यानंतर.

सोपं वाटतं, पण पहिल्या खेपेला सगळेच घसरतात. ती म्हणाली, “तुझं म्हणणं, विकास नकोच.” तो म्हणाला, “नाही.” ती म्हणाली, “तुझं म्हणणं, कारशेड दुसरीकडे न्या.” तो म्हणाला, “तेही, पण ते मुख्य नाही.” तिसऱ्यांदा तिने सांगायचं सोडून विचारलं, “मग मुख्य काय?” तेव्हा कळलं की त्याच्या मनात सल होता रात्रीचा. निकालावर कोणी वर दाद मागायच्या आत, अंधारात, जमावबंदी लावून झाडं तोडली. कारशेड तिथेच व्हायला हवी असती, तरी ही पद्धत चूकच. हे तिला मान्य करायला अर्धा मिनिटही लागला नाही, कारण तिने पद्धतीची बाजू कधी घेतलीच नव्हती.

त्याचा नंबर आला तेव्हा तो जास्त अडखळला. अखेर त्याने तिचं म्हणणं असं मांडलं: जागेचा घोळ जितकी वर्षं चालेल तितकी वर्षं ती दारात लटकणार, आणि त्या वर्षांचा हिशेब कोणीच देणार नाही. हेही खरंच होतं. कारशेड कांजूरमार्गला न्यायचं ठरलं, 2020 संपताना तिथल्या कामाला कोर्टाची स्थगिती मिळाली, 2022 मध्ये पुन्हा आरे. गाडी आरे ते बीकेसी धावली ती 2024 च्या ऑक्टोबरात.

मत कोणाचंच बदललं नाही. तो आजही म्हणतो आरेला हात लावायला नको होता. पण आता भांडण नेमकं कुठे आहे ते दोघांना माहीत आहे आणि ते आधी वाटलं होतं त्यापेक्षा बरंच लहान आहे.

आता एक व्यावहारिक गोष्ट. हे सगळं छातीत धडधडत असताना जमत नाही. गॉटमनच्या निरीक्षणानुसार नाडी मिनिटाला शंभराच्या वर गेली की समोरचं बोलणं कानावर पडतं, डोक्यात शिरत नाही, आणि शरीर शांत व्हायला किमान वीसेक मिनिटं लागतात. म्हणून उठून जायचं, पण सांगून: “अर्ध्या तासाने बोलू.” न सांगता दार आपटून गेलात तर तो डाव समोरच्याला दिसतो. आणि त्या वीस मिनिटांत गॅलरीत उभं राहून पुढचा टोमणा घासत बसलात, तर नाडी खाली येतच नाही. भांडी घासा. मुंबईच्या घरात दुसरी खोली नसते हे मला माहीत आहे, म्हणून सोसायटीला एक चक्कर.

‘आमच्या घरात राजकारण बंद’ म्हणणाऱ्यांचं कौतुक होतं, मला ते पटत नाही. बंदी विषयावर येते, कुत्सितपणावर नाही. मग बातम्या बघताना नुसतं ‘हं’ म्हटलं तरी पुरतं.

थट्टेला मात्र माझी हरकत नाही. पक्षाची करा, नेत्याची करा, स्वतःची तर जरूर करा. जोडीदाराच्या मताची नक्कल चारचौघांत केलीत, दिराच्या घरी गणपतीत सगळे हसले, तर ती थट्टा उरत नाही. तुम्ही माणसं जमवून आपल्याच माणसाला एकटं पाडलेलं असतं. तिथे तोही हसतो, कारण न हसून करणार काय? घरी आल्यावर तो गप्प असेल तर विषय काढा, आणि ‘गंमत केली रे’ ने सुरुवात करू नका.

या युक्तीच्याही मर्यादा आहेत. आंतरजातीय लग्न केलेल्या बायकोसमोर नवरा तिच्या जातीबद्दल ‘ह्यांना सगळं फुकट लागतं’ म्हणतो, तेव्हा ते मत तिच्याच विरोधात असतं. तिने आधी त्याचं म्हणणं त्याला पटेल असं मांडून दाखवावं, असं मी तिला सांगणार नाही. तिथे पहिलं काम त्याचं. आणि जिथे बायकोला वेगळं मत मांडायचीच भीती वाटते, त्या घराला संवादाचे धडे देऊ नयेत. तिथे आधी ती कोणाला घाबरते ते विचारावं, आणि तेही त्याच्यासमोर नाही.