३०० च्या आतल्या कारखान्यात कामावरून कमी केलं तर

"नवीन लेबर कोड लागू झाला. ३०० पेक्षा कमी माणसं असतील तर कंपनी कुणालाही, कधीही काढू शकते. नोटीस नाही, परवानगी नाही. एक महिन्याचा पगार दिला की हिशोब चुकता. कपातीची भरपाई फक्त बेसिकवर, आणि ग्रॅच्युइटी दिली की तीही नाही. मकरपुऱ्यातल्या सगळ्या भावांना पाठवा."

बडोद्यातल्या जवळजवळ प्रत्येक कामगार ग्रुपवर फिरणाऱ्या या मजकुरात एक गोष्ट खरी आहे, आणि तिच्या आधारावर बाकीचं खपून जातं. औद्योगिक संबंध संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आणि कपातीसाठी सरकारची आगाऊ परवानगी घेण्याची मर्यादा ३०० कामगारांवर गेली. १९४७ च्या केंद्रीय कायद्यात ती १०० होती. म्हणजे मकरपुरा किंवा वाघोडियातल्या दीड-दोनशे माणसांच्या कारखान्याला आता परवानगी लागत नाही, हे बरोबर. पण उठली ती फक्त परवानगी. नोटीस आणि भरपाई आजही द्यावीच लागते.

३०० हा आकडाही आज गेटवर किती माणसं आहेत त्यावरून ठरत नाही. मागच्या बारा महिन्यांत कामाच्या दर दिवशी सरासरी किती कामगार होते, ते पाहतात. समजा एका कारखान्यात आठ महिने ३३० माणसं होती आणि गेले चार महिने २७० आहेत. कामाचे दिवस सारखे धरले तर सरासरी ३१० येते. अशा मालकाला आज २७० चा हजेरीपट दाखवून परवानगी टाळता येणार नाही. हंगामी कारखाने या तरतुदीत मोडत नाहीत.

सरासरी ३०० किंवा जास्त भरली तर तीन महिन्यांची लेखी नोटीस किंवा तेवढा पगार, शिवाय सरकारकडे कारणांसह अर्ज आणि त्याची प्रत कामगारांना. सरकार दोन्ही बाजू ऐकून निर्णय देतं. साठ दिवसांत उत्तर आलं नाही तर परवानगी मिळाली असं धरलं जातं. कंपन्या या मुदतीवर डोळा ठेवून असतात, म्हणून अर्जाची प्रत हाती आली की लेखी हरकत लगेच द्यावी. परवानगीविना केलेली कपात बेकायदेशीर ठरते आणि नोटीस दिलीच नव्हती असं समजून कामगाराला सगळे लाभ मिळतात.

३०० च्या आत असेल आणि कामगाराची सलग एक वर्ष नोकरी झाली असेल, तर कारण लिहिलेली एक महिन्याची नोटीस किंवा त्याऐवजी पगार द्यावा लागतो. सरकारलाही कळवावं लागतं. सलग वर्ष म्हणजे मागच्या बारा महिन्यांत २४० दिवस. पगारी सुट्ट्या आणि पगारी रविवार त्यात धरायचे असतात, पण टाईम ऑफिसमध्ये हजेरीचे नुसते शिक्के मोजून ते अनेकदा वगळले जातात.

आता हिशोब. फॉरवर्डमधली खरी गडबड इथे आहे. भरपाई मिळते ती दर पूर्ण वर्षाला पंधरा दिवसांच्या सरासरी वेतनाएवढी, आणि सहा महिन्यांपेक्षा जास्त उरलेला तुकडा पूर्ण वर्ष म्हणून धरतात. महिन्याच्या पगारावर असलेल्याचं सरासरी वेतन शेवटच्या तीन पूर्ण महिन्यांवरून काढतात.

एक ऑपरेटर घेऊ. नोकरी ११ वर्षं ७ महिने. पगार स्लिप ३०,००० ची, पण बेसिक आणि महागाई भत्ता मिळून १२,०००, घरभाडं १०,००० आणि वाहन भत्ता ८,०००. अशा स्लिपा आपल्याकडे काही योगायोगाने तयार होत नाहीत. घरभाडं आणि वाहन भत्ता वेतनात धरत नाहीत, हे खरं. पण अशा वगळलेल्या रकमा एकूण पगाराच्या निम्म्याहून जास्त झाल्या, तर निम्म्यावरचा भाग वेतनात परत मिळवावा लागतो. इथे वगळलेले १८,००० आहेत आणि निम्मे होतात १५,०००. वरचे ३,००० वेतनात येतात, म्हणजे वेतन १२,००० नव्हे, १५,०००. तिन्ही महिने स्लिप सारखीच असेल तर पंधरा दिवसांचे ७,५००. नोकरी १२ वर्षं धरायची, म्हणून भरपाई ९०,०००. नुसत्या बेसिक आणि महागाई भत्त्यावर, सात महिने सोडून देऊन, ११ वर्षांचा हिशोब केला तर ६६,०००. २४,००० रुपयांचा फरक फक्त या दोन चुकांतून पडतो.

आमच्या बाजूचीही एक चूक आहे. युनियनच्या काही कागदांत भरपाईसाठी पगाराला २६ ने भागतात. तो भागाकार ग्रॅच्युइटीचा. कपातीच्या भरपाईच्या कलमात २६ दिवसांचा उल्लेख नाही, आणि जुन्या कायद्याखाली सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये महिन्याच्या पगारदाराचे पंधरा दिवस म्हणजे अर्धा महिना असंच धरलं आहे. चुकीच्या आकड्याने मागणी केली की समोरचा वकील आधी तेच उचलतो.

ग्रॅच्युइटी हा वेगळा हक्क आहे. पाच वर्षांच्या अटीत बसणाऱ्याला ती भरपाईबरोबर मिळते, भरपाईच्या जागी नव्हे. वरच्या ऑपरेटरला १५,००० गुणिले १५ भागिले २६ गुणिले १२, म्हणजे साधारण १,०३,८४६ रुपये होतात. शिवाय नव्या संहितेत पुनर्कौशल्य निधी आला. मालकाने शेवटच्या वेतनाचे पंधरा दिवस, इथे ७,५००, त्या निधीत भरायचे आणि ते कपातीपासून ४५ दिवसांत कामगाराच्या खात्यात यायला हवेत. जुन्या कायद्यात हे नव्हतंच, त्यामुळे हिशोबाच्या कागदावर ही ओळ नसली तरी कुणाच्या लक्षात येत नाही.

पैसे कधी द्यायचे हेही ठरलेलं आहे. भरपाई कपातीच्या वेळीच द्यायची असते, ती कपातीची पूर्वअट आहे. "आधी गेट पास जमा करा, चेक पुढच्या महिन्यात" हे चालत नाही. जुन्या कायद्यातल्या अशाच अटीबद्दल सर्वोच्च न्यायालयाने १९६० सालीच सांगितलं की ती पाळली नाही तर कपात अवैध.

राहिला प्रश्न कुणाला काढायचं याचा. एकाच वर्गातल्या कामगारांत साधारणपणे शेवटी आलेला आधी जातो. हा क्रम मोडायचा तर मालकाला कारण नोंदवावं लागतं. एक वर्षाच्या आत पुन्हा भरती काढली तर कमी केलेल्यांना आधी विचारावं लागतं.

हे सगळं कुणाला लागू नाही, तेही सांगतो. फिक्स्ड टर्मवर असलेल्याची मुदत संपणं ही कपात नाही. महिना १८,००० पेक्षा जास्त वेतन घेणारा आणि सुपरव्हायझरचंच काम करणारा माणूस कामगार धरला जात नाही. पण पद सुपरव्हायझरचं आणि काम मशीनवरचं असेल तर नुसत्या पदनामावरून ठरत नाही.

आणि ज्यांनी स्वतः राजीनामा लिहून दिला, त्यांची कपात झालीच नाही असं कंपनी म्हणते. छाटणीच्या आठवड्यात एचआर केबिनमध्ये समोर सरकवला जाणारा छापील कागद बहुतेक वेळा हाच असतो: "वैयक्तिक कारणास्तव". त्यावर सही झाली की ९०,००० ची ओळ आणि ७,५०० ची ओळ दोन्ही वादात जातात, हातात निर्विवाद उरते ती ग्रॅच्युइटी. सही टाळावी, कपातीची नोटीस लेखी मागावी, आणि शेवटच्या तीन पगार स्लिपा, बँकेचं स्टेटमेंट आणि नेमणूकपत्राची प्रत घेऊन लेबर ऑफिसात लेखी तक्रार द्यावी. ज्यांना २१ नोव्हेंबर २०२५ च्या आधी कमी केलं, त्यांच्या तक्रारीत जुन्याच कायद्याची कलमं लिहायची.