5.9 मिलिमीटर, पण नंबर 5

चेन उघडबंद करणारा रनर बदलायचा असला की असा सल्ला मिळतो: «बंद चेनचा जवळून फोटो घ्या आणि दातांची रुंदी मोजा. जितके मिलिमीटर, तितका नंबर. मग त्या नंबरचा कुठलाही रनर आणा. नायलॉन असो, मेटल असो की प्लॅस्टिक, बसतोच.»

नंबर आणि मिलिमीटर जवळचे असतात, एकच नसतात. 5 नंबरच्या चेनचे बंद दात साधारण 6 मिमी भरतात, 3 नंबरचे सव्वाचार-साडेचार. माप फक्त एकमेकांत अडकलेल्या दातांचं, बाजूचं कापड सोडून.

कोल्हापूरच्या पावसाळ्यात वापरलेलं एक जर्किन घेऊ. फोटोत फूटपट्टीचे 10 मिमी 400 पिक्सेल भरतात आणि बंद दात 236. 236 भागिले 40 म्हणजे 5.9 मिमी, नंबर 5. हा हिशेब बरोबर यायला फूटपट्टी दातांच्याच उंचीवर हवी. फोन अगदी टेकवला तर वर असलेली वस्तू मोठी दिसते, म्हणून हातभर वरून, सरळ धरून, झूम करून फोटो घ्या. फूटपट्टीऐवजी रुपयाचं नाणं ठेवू नका, कारण ती वेगवेगळ्या व्यासांची चलनात आहेत.

«कुठलाही रनर» हा सल्ला मात्र पैसे वाया घालवतो. या जर्किनचा प्रत्येक दात सुटा, जाड आणि चौकोनी आहे, कापडाच्या काठावर ओतलेला. ही मोल्डेड, म्हणजे प्लॅस्टिकची चेन. नायलॉनमध्ये सुटे दात नसतातच, सलग वेटोळं असतं आणि त्यावरून शिलाईची ओळ जाते. मेटलचे दात पातळ, कापडाला चिमटलेले, टोकाशी बारीक उंचवटा असलेले. रंगावर जाऊ नका. सोनेरी मुलामा प्लॅस्टिकवरही असतो, तो रनर घासतो तिथे उडून खालचा रंग दिसतो.

मोल्डेडचे दात उंच असल्यामुळे त्याच्या रनरचं तोंडही उंच असतं. 5 नंबरचा नायलॉनचा रनर त्यावर चढतच नाही, किंवा अडकतो. उलट मोल्डेडचा रनर नायलॉनवर सहज चढतो आणि तिथेच फसगत होते: वेटोळं पुरेसं दाबलं जात नाही, रनर पुढे गेला की मागे चेन उघडते.

समोरून दातच दिसत नसतील तर चेन उलटी करून फोटो घ्या. नायलॉन उलट्या बाजूने बसवलेलं असेल तर रनर ओढायची पट्टीही सपाट बाजूला लागते, साधा रनर चालणार नाही.

शेवटी रनरच्या पाठीचा फोटो घ्या, उजेड तिरका ठेवून, म्हणजे उठावाचा आकडा वाचता येतो. वायकेके कंपनीच्या रनरवर आकड्यापुढे सी असेल तर नायलॉन, व्ही असेल तर मोल्डेड. बऱ्याच रनरवर नुसता आकडा असतो, काहींवर तोही नाही. तेव्हा रनरचा बाजूने एक फोटो काढा. वरच्या आणि खालच्या पत्र्यातली फट मागच्या टोकाशी रुंद दिसली, तर नंबर बरोबर असूनही रनर झिजलेला आहे, आणि चेन तशीच ठेवून नुसता रनर बदलला तरी पुरतं.