चिंचोक्याचा अनुस्वार

भाच्याने इंजिनिअरिंग केलं, नोकरी केली नाही आणि कपड्यांचा ब्रँड काढला. ब्रँडचं नाव 'चिंचोका'. हे नाव ऐकल्यापासून दाजी जेवताना मान वर करत नाहीत. माझं सांगलीत गणपती पेठेजवळच्या बोळात कॉम्प्युटर एम्ब्रॉयडरीचं दुकान आहे. वर्षभर शाळांचे बिल्ले आणि लग्नसराईत ब्लाउज. त्यामुळे ब्रँड निघाल्यावर वरात थेट माझ्या दारात आली.

"मामा, हे असंच पाहिजे," म्हणत त्याने फोन पुढे केला. काळा टी-शर्ट, छातीवर भरतकामाचा पॅच, मानेत विणलेलं लेबल. शेजारी पांढरा टी-शर्ट, त्याला मानेत छापील टॅग. पॅच तर दोरा न् दोरा मोजून घ्यावा असा लखलखीत. पॅचवर नाव, नावाखाली 'सांगलीच्या मातीतलं', त्याखाली चिंचेची फांदी आणि फांदीवर (मी चष्मा काढून, पुसून पुन्हा पाहिलं) मुंगी.

"केवढा पॅच?"

"सहा सेंटीमीटर."

"आणि मुंगीला पाय किती?"

"सहा. मॉकअपमध्ये दिसतायत की!"

हे वाक्य माझ्या कपाळी पुढे पुष्कळ आलं. मॉकअप म्हणजे तयार फोटोशॉप फाइल. तिच्यातल्या चौकटीत आपलं चित्र टाकलं की वरून दोऱ्याचा पोत आपोआप पांघरला जातो. पोत म्हणजे नुसता फोटो. पॅच रुपयाएवढा आहे की सतरंजीएवढा, हे त्याला ठाऊक नसतं. खाली केसाएवढी रेघ असली तरी तिच्यावरही तो इमानेइतबारे दोरे दाखवतो. माझ्या मशीनला ही सवलत नाही. भरतकामाचा नेहमीचा चाळीस नंबरचा दोरा साधारण 0.4 मिलिमीटर जाड असतो, आणि तो कुणाच्या भाच्यासाठी बारीक होत नाही.

मुंगी पहिल्याच बैठकीत वारली. मातीतली ओळही गेली, कारण वेलांटी-मात्रा सोडून नुसत्या अक्षराची उंची पाच मिलिमीटरच्या खाली गेली की 'च'चं पोट बुजतं. फांदीचं पान कडेच्या बाहेर डोकावत होतं. त्यालाही कात्री लागली, कारण पॅचला जाड गोट घालणारं ओव्हरलॉक मशीन गोलाईवरून झोकात पळतं, पण आत वळलेल्या खाचेत शिरत नाही. खरी लढाई झाली ती अनुस्वारावर.

'चिं'ची वेलांटी वरून कमान टाकत येते आणि अनुस्वार तिच्या खांद्याला खेटून बसतो. भाच्याच्या चित्रात तो ठिपका 0.6 मिलिमीटरचा होता. म्हणजे दीड दोरा. एवढ्याशा जागेत सुई परत परत त्याच भोकात उतरते. मग एक तर दोरा तुटतो, नाही तर कापडाला भोक पडतं. कडेपासून कडेपर्यंत ये-जा करत पट्टी भरणाऱ्या ज्या टाक्याला आम्ही साटीन टाका म्हणतो, त्याला रुंदी निदान एक मिलिमीटर लागते. शिवाय टाका ओढला गेला की कापड आवळतं. त्यामुळे पट्टी काढलेल्यापेक्षा बारीक उतरते आणि गोल ठिपका लंबगोल होतो. म्हणून फाइल बनवताना टाक्याच्या दिशेने थोडी जादा रुंदी द्यावी लागते. हे ऐकताना भाचा जांभई देत होता. मी न बोलता त्याच्या मूळ चित्राचा नमुना काढून दिला.

त्यावर अनुस्वार आणि वेलांटी यांचा विवाह झाला होता. शिरोरेषा वर आणि अक्षरं खाली, मधून कापड दिसत होतं. अक्षरं आधी भरली, रेषा नंतर आली, तोवर कापड सरकलं होतं. दाजींनी तो तुकडा लांब धरून वाचला, "चीचोका". त्या दिवशी ते बऱ्याच काळाने हसले.

मग मी फाइल मला हवी तशी केली. ठिपका दीड मिलिमीटरचा, वेलांटीपासून एक मिलिमीटर हटवलेला, शिरोरेषा अक्षरांवर जराशी चढवलेली आणि टाके मधून सुरू करून दोन्ही कडांकडे नेलेले. पडद्यावर हा अनुस्वार फारच गलेलठ्ठ दिसतो. भाचा म्हणाला, "हे बेढब आहे." मी म्हटलं, "पडद्यावर बेढब, कापडावर सुबक. घालणार काय आहेस, पडदा?" दुसरा नमुना पॅचच्याच जाड ट्विलवर काढला, कारण बनियनच्या कापडावरचा टाका ट्विलवर तसाच वागेल याची खात्री देव देत नाही.

मातीतली ओळ मात्र त्याला हवीच होती. मी ती मानेच्या लेबलवर पाठवली. विणलेल्या लेबलात 50 डेनिअरचा धागा चालतो, भरतकामाच्या दोऱ्यापेक्षा कितीतरी बारीक, म्हणून लहान अक्षरं तिथे तग धरतात. फक्त लेबल हे आलेखाच्या कागदासारखं असतं. प्रत्येक चौकोनात धागा एक तर वर किंवा खाली. तिरकी रेघ पायऱ्या-पायऱ्यांनीच चढते. सुरतेच्या विणकराने फोनवर एकच प्रश्न विचारला, "फोल्ड कौनसा?" भाच्याने माझ्याकडे पाहिलं.

मॉकअपमध्ये लेबल पाच सेंटीमीटरचं, नाव या टोकापासून त्या टोकापर्यंत. एन्ड फोल्डचं लेबल दोन्ही टोकांना सहा-सात मिलिमीटर मागे दुमडतं आणि तिथेच शिवण बसते. म्हणजे पाच सेंटीमीटर दिसायला हवं असेल तर विणायचं साधारण 63 मिलिमीटर, आणि दुमडीपासून अक्षरं दोन-तीन मिलिमीटर आत. भाच्याने मोजमाप तसंच पाठवलं असतं तर सुरुवातीची वेलांटी आणि शेवटचा काना शिवणीत गेले असते आणि जगाने वाचलं असतं 'चंचोक'. दाजींना तेही आवडलं असतं.

पांढऱ्या टी-शर्टवरच्या छापील टॅगमध्ये मात्र दाजी स्वतः उतरले. टॅगवर साइज, शंभर टक्के कॉटन आणि धुण्याची चिन्हं होती. दाजींनी एका चिन्हावर बोट ठेवलं. "हा त्रिकोण कशाला? आपण कपडे विकतोय का कुटुंब नियोजन करतोय?"

"दाजी, तो लाल आणि उलटा असतो. हा सुलटा, ब्लीचचा. वर फुली मारली की ब्लीच घालू नका."

"मग फुली मार. दोन मार."

छपाईत घोळ वेगळाच निघाला. आतून काळ्याभोर शाईत छापलेला टॅग पातळ पांढऱ्या कापडातून पाठीवर उलटा दिसायला लागला. मॉकअपमधला टी-शर्ट काही आरपार दिसत नाही. तिथे शाई फिकट करडी केली. मग छाप मानेच्या पट्टीवरून काढून दोन सेंटीमीटर खाली अंगावर आणला, कारण डोकं घालताना पट्टी ताणली जाते आणि छापाला भेगा पडतात.

शेवटी धुलाईची परीक्षा ताईकडे. भाचा तिला चिन्हं समजावत बसला: तीस डिग्री, सौम्य धुलाई, उलटा करून इस्त्री. ताईने ऐकून घेतलं, टी-शर्ट दाजींच्या लुंगीबरोबर बादलीत भिजवला आणि दगडावर आपटला. वाळल्यावर पाहिलं तर पॅच जसाच्या तसा, लेबल ठणठणीत. टॅगचा एक कोपरा उचकटला होता. कडा उचकटली म्हणजे छाप कापडावर चिकटवणाऱ्या गरम प्रेसचा दाब किंवा उष्णता कमी पडली. ते मी ओळखलं आणि भाच्याला प्रेसवाल्याकडे परत धाडलं.

"पण मामा, आईने सूचना वाचल्याच नाहीत," तो तक्रार करत होता.

"बाळा," ताई आतून म्हणाली, "आजवर कुणी वाचल्यात? तू मोठं छाप, तरी मी लुंगीबरोबरच भिजवणार."