दरडोई उत्पन्नात पुढे, मुलांच्या उंचीत मागे

"गुजरातचं दरडोई उत्पन्न देशाच्या सरासरीपेक्षा कितीतरी जास्त आहे. पैसा आला की आरोग्य आणि शिक्षण मागोमाग येतंच. मग विकास वेगळा मोजायचा कशाला?"

काका, मागोमाग येतं का ते आधी पाहू. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात पाच वर्षांखालची उंची खुंटलेली मुलं देशभरात 35.5 टक्के होती. गुजरातमध्ये 39 टक्के. उत्पन्नात सरासरीच्या वर असलेलं राज्य इथे सरासरीपेक्षा मागे पडलं.

हे माप काय सांगतं तेही बघा. दोन वर्षांखालच्या बाळाला फळीवर निजवून, पाय सरळ करून लांबी मोजतात. दोन वर्षं भरत आलेल्या मुलीची लांबी साधारण 86 सेंटिमीटर असावी. 80 च्या खाली भरली तर वाढ खुंटली असं धरतात. वजन एका आजारपणात उतरतं आणि नंतर भरूनही येतं. उंचीचं तसं नसतं. आईचं गरोदरपणातलं खाणं, बाळाचे वरचेवर होणारे जुलाब, वरच्या आहारातली कमतरता, हे सगळं तिच्यात साठत जातं. म्हणून मला हा आकडा दरडोई उत्पन्नापेक्षा जास्त बोलका वाटतो.

उत्पन्न असूनही हे का होतं? राज्यात झालेल्या उत्पादनाचं मूल्य काढायचं, घसारा वजा करायचा आणि लोकसंख्येने भागायचं, की दरडोई आकडा मिळतो. आपल्या बडोद्याजवळच्या कोयली रिफायनरीत निर्माण झालेलं मूल्य त्यात येतं, मग त्यातला नफा राज्याबाहेर गेला तरी. दहा घरांपैकी नऊ घरांत वर्षाला एक-एक लाख आणि दहाव्यात अकरा लाख आले, तरी सरासरी दोन लाखच निघते, आणि ते दोन लाख दहापैकी एकाही घरात नसतात.

"आधी पैसा, मग शाळा" हा क्रमही खरा नाही. सयाजीरावांनी 1893 मध्ये अमरेलीत सक्तीचं प्राथमिक शिक्षण सुरू केलं आणि 1906 मध्ये ते सगळ्या संस्थानाला लागू केलं. श्रीमंत होण्याची वाट पाहिली नाही, कायदा केला.

कमी उत्पन्न असतानाच शिक्षणात पुढे गेलेल्या केरळचं नाव काढलं की तिथे आखाती पैसा आहे, असं उत्तर येतं. त्यात तथ्य आहे: बाहेरून घरी पाठवलेला पैसा राज्याच्या उत्पादनात मोजला जात नाही, त्यामुळे तिथल्या लोकांच्या हाती कागदावरच्यापेक्षा जास्त असतो. पण आखाताकडे मोठी रीघ लागली ती 1973 नंतर तेल महागल्यावर. त्याआधी, 1971 च्या जनगणनेत, केरळची साक्षरता 60 टक्क्यांवर होती आणि देशाची जेमतेम 29. तेव्हा केरळचं दरडोई उत्पन्न देशाच्या सरासरीहून कमी होतं.