आधी जमा, मग नावे: मावशीच्या खात्यावरचे दोन संदेश

आज सकाळी मावशीचा फोन आला तेव्हा तिला धड बोलताही येत नव्हते. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेली, दर महिन्याला पेन्शनचा हिशेब वहीत उतरवणारी बाई ही. सकाळी 11:42 ला तिच्या खात्यात 38,250 रुपये जमा झाल्याचा संदेश आला आणि 11:49 ला तेवढेच रुपये नावे पडल्याचा, म्हणजे खात्यातून वजा झाल्याचा, दुसरा. आपले खाते कोणीतरी लुटले, अशी तिची खात्री झाली आणि ती रिक्षा करून थेट शाखेत गेली. तिथल्या खिडकीवर तिला एवढेच उत्तर मिळाले, "काकू, तुमचे पैसे नव्हतेच ते. तुमचे काय गेले?"

हे उत्तर ऐकून मला जो संताप आला तो अजून उतरलेला नाही, कारण तिचे काही गेले की नाही हेच तर ती विचारायला गेली होती. माणसे कामात असतात, रांगा मोठ्या असतात, हे मला मान्य आहे. पण ज्येष्ठ खातेदाराला दोन वाक्यांत उलगडून सांगायला किती वेळ लागतो?

घडले होते ते असे. दुसऱ्या एका खातेदाराच्या मुदत ठेवीची मुदत संपली होती आणि ती रक्कम त्याच्या बचत खात्यात वर्ग करताना शाखेतच खाते क्रमांक चुकला. चूक लगेच लक्षात आली आणि बँकेने त्याच रकमेची उलट नोंद टाकली. चुकून पडलेली नोंद दुरुस्त करण्याचा अधिकार बँकेला आहे, त्याबद्दल माझा वाद नाही. माझा वाद संदेशाच्या भाषेशी आहे, कारण मावशीला आलेला दुसरा संदेश हा एटीएममधून कोणी पैसे काढल्यावर येतो तसाच होता. आधीची चुकीची जमा रद्द केली, असे त्यात कुठेच लिहिलेले नव्हते. देवनागरीतल्या एका संदेशात सत्तरच अक्षरे मावतात, हे मला ठाऊक आहे. पण ‘चुकीची जमा रद्द’ एवढे शब्द त्यात नक्की मावतात.

मी तिला घरी बसवून फोनवर एकेक आकडा वाचायला लावला. अशा जोडीतला दुसरा संदेश सुटा वाचला की घाबरायला होते, म्हणून दोन्ही एकत्र वाचावे लागतात. खात्याचे शेवटचे चार अंक दोन्हींत तेच आहेत का आणि रक्कम पैशापर्यंत सारखी आहे का, हे आधी पाहायचे. वेळ मात्र संदेशाच्या आत लिहिलेली धरायची, फोनवर संदेश कधी उतरला ती नाही. कारण नेटवर्क अडखळले की नावेचा संदेश आधी येतो आणि जमेचा मागून, आणि मग सगळेच उलटे दिसते.

त्यानंतर शिल्लक, आणि इथेच मावशी अडकली होती. सकाळी तिच्या खात्यात 61,307.40 रुपये होते आणि चुकीच्या जमेनंतर ते 99,557.40 झाले. उलट नोंदीनंतर पुन्हा 61,307.40 दिसायला हवे होते, पण संदेशात दिसत होते 60,667.40. म्हणजे 640 रुपये कमी! तिच्या जिवाचा थरकाप उडाला तो या 640 रुपयांनी. मी विचारले, "मधल्या वेळात काही दिलेस का?" तेव्हा तिला आठवले की 11:46 ला औषधांच्या दुकानात यूपीआयने तिने स्वतःच 640 रुपये भरले होते. तो तिसरा संदेश त्या दोघांच्या मध्ये दडून बसला होता. मधले स्वतःचे व्यवहार वजा केल्यावर शिल्लक पैशाला पैसा जुळली, तर खातेदाराचे काहीही गेलेले नाही. हिशेब जुळल्यावर तिचा आवाज पहिल्यांदा जागेवर आला.

शिल्लक जुळली तरी मी तिला अ‍ॅपमधले विवरणपत्र उघडायला सांगितले. संदेशात जे लिहीत नाहीत ते तिथे नोंदीच्या वर्णनात बहुतेकदा सापडते. तिच्या दुसऱ्या नोंदीपुढे REV अशी अक्षरे होती आणि मागे पहिल्या नोंदीचा क्रमांक होता. काही ठिकाणी RVSL किंवा पूर्ण REVERSAL असते. उलट नोंदीला कधी स्वतःचा नवा क्रमांकही मिळतो, त्यामुळे केवळ क्रमांक जुळला नाही म्हणून घाबरू नये. पण वर्णनात यूपीआय, एटीएम किंवा एखाद्या दुकानाचे नाव असेल, तर ती उलट नोंद नव्हे. रक्कम योगायोगाने सारखी असली तरीही नव्हे. तेव्हा मात्र क्षणभरही न थांबता बँकेला आणि 1930 या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर कळवावे. तुमची चूक नसताना बाहेरच्या कोणी केलेला अनधिकृत व्यवहार तीन कामकाजाच्या दिवसांत कळवला, तर त्याचा भार तुमच्यावर पडत नाही, असा रिझर्व्ह बँकेचा 2017 चा नियम आहे.

काही मिनिटांत उलटलेली जमा ही बहुधा बँकेच्या स्वतःच्या चुकीची असते. एखाद्या माणसाने चुकीचा खाते क्रमांक टाकून तुम्हाला पैसे पाठवले असतील, तर त्याची बँक ते परस्पर ओढून घेत नाही. ती तुमच्या बँकेला कळवते आणि साधारणपणे तुमची संमती मागितली जाते. त्यामुळे "माझ्याकडून चुकून आले, लगेच परत पाठवा" असा फोन आला, तर जोडीतला दुसरा संदेश तुम्ही स्वतःच्या हाताने तयार करू नका. अनेकदा पहिला संदेशच बनावट असतो आणि विवरणपत्रात जमा मुळी झालेलीच नसते. खरीच झालेली असेल, तर ती बँकेमार्फत परत जाऊ द्या.

कोणी म्हणेल की आलेले पैसे लगेच काढून घेतले तर बँक काय करणार? हे वाचणारे कोणी असे करणार नाही, पण विषय निघालाच आहे म्हणून सांगते. चुकून मिळालेले पैसे परत करण्याचे बंधन 1872 च्या भारतीय करार कायद्याच्या कलम 72 मध्येच आहे. नोव्हेंबर 2023 मध्ये युको बँकेत आयएमपीएसच्या बिघाडामुळे खातेदारांना सुमारे 820 कोटी रुपये चुकून जमा झाले, तेव्हा बँकेने खाती रोखून त्यातले सुमारे 649 कोटी काही दिवसांतच परत मिळवले होते. मावशीने त्या सात मिनिटांत ते पैसे कशासाठी तरी वापरले असते आणि शिल्लक अपुरी पडली असती, तर तिचेच खाते रोखले गेले असते, आणि तेही शाखेच्या चुकीपायी. हे लिहिताना पुन्हा राग येतो आहे.

मी मावशीच्या नावाने शाखा व्यवस्थापकांना पत्र लिहिले आहे. 11:42 ची जमा आणि 11:49 ची नावे नोंद एकमेकींशी जोडलेल्या आहेत, जमा चुकून झाली होती आणि खातेदाराकडे काहीही येणे नाही, एवढे बँकेने लेखी द्यावे, अशी मागणी त्यात केली आहे. दोन्ही नोंदींचे क्रमांक आणि विवरणपत्राची प्रत सोबत जोडली आहे. तुमच्या घरी असे घडले, तर तुम्हीही तोंडी उत्तरावर परत येऊ नका. पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या.