सोंगणीचे वीस दिवस

"गावात मजूर मिळत नाही" हे वाक्य मी शेतकरी म्हणून अनेकदा उच्चारले आहे, आणि ते पूर्ण खरे नाही असे आता मला वाटते. आमच्या वाशिमकडच्या सोयाबीनच्या शिवारात मजुरीचा दर वाढत असताना मजुराची वर्षाची कमाई मात्र आटत चालली आहे. हे कसे घडते, ते सोंगणीचा हिशेब मांडल्याशिवाय कळत नाही.

सोयाबीन जूनअखेर पेरले की सप्टेंबरच्या शेवटी ते ऑक्टोबरात सगळ्यांचे एकदमच कापणीला येते. वाळलेल्या शेंगा फार दिवस थांबत नाहीत. ऊन लागले की तडकून दाणे जमिनीवर सांडतात आणि परतीचा पाऊस आला की शेंगेतच कोंब फुटतात. त्यामुळे त्या दोन-तीन आठवड्यांत प्रत्येक शेतकऱ्याला आजच माणसे हवी असतात, आणि वर्षभर शेतकरी सांगेल त्या दराने काम करणारा मजूर तेवढ्या काळापुरता स्वतः दर सांगू शकतो.

माझ्या पाच एकरांचेच घ्या. उक्ते सोंगायला एकरी साडेतीन हजार रुपये द्यावे लागत. एका एकराला साधारण पाच माणसांचा दिवस लागतो, म्हणजे माणशी सातशे रुपये पडत. निंदणाला जाणाऱ्या बाईला आमच्याकडे दिवसाचे तीनशे मिळतात. सोंगणीच्या त्या वीस दिवसांच्या पैशावर दिवाळी होई, दुकानाची उधारी फिटे आणि मुलांचे शुल्क भरले जाई.

सोंगणीचे साडेसतरा हजार झाले, की पुढे गंजी लावून थ्रेशरवाल्याला क्विंटलमागे तीनशे द्यायचे. चाळीस क्विंटलला बारा हजार, म्हणजे एकूण साडेएकोणतीस हजार रुपये. हार्वेस्टरवाला एकरी बावीसशेप्रमाणे अकरा हजारांत सोंगणी आणि मळणी दोन्ही करून देतो, तेही एका दुपारीत. साडेअठरा हजारांची ही बचत सोडा, असे मी कोणत्याही शेतकऱ्याला सांगू शकत नाही. मीही ती सोडलेली नाही.

यंत्राच्या मर्यादाही मी पाहिल्या आहेत. झाड बुटके असेल तर जमिनीलगतच्या शेंगा पात्याखाली राहून जातात. यंत्र पुढे गेल्यावर धसकटे वाकून पाहिली की ते लगेच दिसते. दाणा फार कोरडा असेल तर फुटतो, ओलसर असेल तर बाजारात ओलाव्याची कपात होते. सोयाबीनचे साल नाजूक असल्याने यंत्राच्या माराने उगवणशक्ती घटते, म्हणून ते बियाण्याला ठेवणे धोक्याचे असते. शिवाय कुटार शेतभर उधळले जाते, आणि ज्याच्या दावणीला दोन जनावरे आहेत त्याला ते विकत आणावे लागते.

परंतु सर्वांत मोठा बदल दराच्या बाबतीत झाला आहे. उक्ते दर ठरवताना आता समोर बावीसशेचा आकडा उभा असतो. लोळलेले पीक, चिखलाचे रान किंवा यंत्र वळू न शकणारी चिंचोळी पट्टी एवढेच काम माणसांकडे उरते, म्हणजे जे सर्वांत कष्टाचे आहे तेच. निंदणाचे दिवस तणनाशकाने आधीच खाल्ले होते. कापसाची वेचणी तेवढी टिकली, कारण बोंडे एकदम फुटत नाहीत आणि त्याच झाडावरून तीन-चार वेळा वेचावे लागते. पण आमच्याकडे कापसाचा पेरा थोडा आहे.

ज्यांना पंधरा-वीस दिवसांच्या कामावर वर्ष काढणे अशक्य झाले, ते तरुण पुण्याला किंवा सुरतेला निघून गेले. मागे राहिल्या त्या मुख्यतः चाळिशीपुढच्या बायका. म्हणून ज्या दिवशी मला दहा माणसे हवी असतात त्या दिवशी ती मिळत नाहीत, आणि त्याच गावात पुढचे दोन महिने कोणाला काम मिळत नाही. दोन्ही तक्रारी खऱ्या आहेत.

डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने संमत केलेल्या ग्रामीण रोजगाराच्या नव्या कायद्यात १२५ दिवसांची हमी आहे, पण पेरणी-कापणीच्या हंगामात मिळून साठ दिवस सरकारी कामे थांबवण्याची तरतूदही आहे. शेतीला मजूर मिळावेत हा तिचा हेतू मला समजतो. मात्र ज्या शिवारात हार्वेस्टर चार दिवसांत कापणी उरकतो, तिथे ऑक्टोबरात कामे बंद ठेवली तर त्या बायकांनी जायचे कुठे? हे साठ दिवस राज्याने ठरवताना तालुक्यातील पीक पाहावे, आणि तिथली सोंगणी हाताने होते की यंत्राने, हेही पाहावे. कापूसपट्ट्यातला वेचणीचा काळ आणि आमचा सोयाबीनचा काळ एकाच मापाने मोजू नये.

गेल्या हंगामात मी बियाण्यासाठी अर्धा एकर हाताने सोंगायला ठेवला होता. तीन बायकांना सांगितले होते, सात आल्या. दुपारच्या जेवणाआधीच काम संपले, आणि विळे हातात घेऊन त्या बांधावर बसून विचारत होत्या की भाऊ, अजून कोणाचे राहिले आहे का.